वरच्या पाकिटाचे छत्तीस बाइट

माणूस कुठंही जावो, त्याचा पत्ता ढळणार नाही, याहून मोठं अभिवचन आजवर कोणत्याही सरकारनं, पक्षानं किंवा सासरच्या मंडळींनी दिलेलं नाही. मोबाइल कंपन्यांनी ते दिलं आणि पाळलंही. अर्थात माणसाला नाही, फोनला. भंडारा जिल्ह्यात लाखांदूरच्या वाटेवर बोडीटोला नावाचं गाव आहे. तिथं तर हे वचन इतकं काटेकोर पाळलं जात होतं की फोनचा पत्ता तसूभरही हलत नव्हता, आणि त्या पत्त्यावर काही पोचतही नव्हतं.

गावानं ही गोष्ट तीन महिने सांगितली. सांगितली म्हणजे फोन करून सांगितली. फोन लागत होता, त्यामुळे पलीकडचा मुलगा म्हणायचा, "फोन लागतोय ना? मग नेटवर्क आहे." आणि तक्रार बंद व्हायची.

मग एका सोमवारी भंडाऱ्याहून लाखांदूरकडे दौऱ्यावर निघालेल्या एका मोठ्या साहेबांच्या टॅबवर बोडीटोल्याच्या वेशीत चाक फिरायला लागलं. पाहणीचा फॉर्म भरून झाला होता, 'पाठवा' दाबून झालं होतं, आणि चाक फिरत होतं. गाडी पुढं गेली तरी साहेबांच्या डोक्यात ते फिरतच राहिलं. संध्याकाळपर्यंत कंपनीचे एरिया मॅनेजर चंद्रकुमार यांना साहेबांच्या कार्यालयातून फोन गेला. तीन महिन्यांत गावाला जे जमलं नाही ते एका चाकानं दोन मिनिटांत केलं.

चंद्रकुमार हा निर्णय घेणारा माणूस होता. निर्णय बरोबर की चूक, हा विषय त्यानं खालच्या लोकांवर सोपवलेला होता. त्यानं प्रतिक्षा खोब्रागडेला फोन केला.

प्रतिक्षा कंपनीच्या कंत्राटदाराकडे ड्राइव्ह टेस्टचं काम करायची. म्हणजे गाडीत लॅपटॉप, चार फोन आणि टपावर जीपीएसच्या अँटेनाचं बोंड घेऊन जिल्हाभर फिरायचं आणि कुठं सिग्नल किती, फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर नीट जातो की नाही, हे मोजायचं. बोडीटोल्याचा टॉवर मे महिन्यात सुरू झाला तेव्हा 'रेडिओ उत्तम', म्हणजे टॉवरपासून फोनपर्यंतचा सिग्नल ठीक, अशी सही तिनंच केली होती.

"मॅडम, तो टॉवर शुक्रवारी पाच वाजता लॉक करतो आहे," चंद्रकुमार म्हणाला.

"लॉक? काहून सर?"

"साहेबांची गाडी तिथं आली की फोन त्या टॉवरवर जातो आणि अडकतो. टॉवरच नसला तर फोन मागच्या खैरपारच्या टॉवरवर राहील. कमी सिग्नलवर राहील, पण अडकणार नाही. तीन मिनिटांचा तर रस्ता आहे."

"आणि गाव?"

"गावातून एवढ्या वरची तक्रार आलेली नाही."

खैरपार बोडीटोल्यापासून सहा किलोमीटर. तिथला सिग्नल रस्त्यावरच्या गाडीला कसाबसा मिळायचा, घरात मुळीच नाही. मेच्या आधी गावातली माणसं फोन करायला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढत. टॉवर लॉक झाला की गाव पुन्हा पाळीवर. आणि लॉकच्या कारणाच्या रकान्यात 'रेडिओ दोष' लिहिलं जाणार, म्हणजे प्रतिक्षाची मेमधली सही खोटी.

सहीचं दुःख तिला झालंच, नाही असं नाही. पण तिला जास्त राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. टॉवर धडधाकट होता. धडधाकट माणसाला आजारी ठरवून खाटेवर बांधायचं, कारण त्यामुळे दवाखान्याचे आकडे सुधारतात, हे तिच्या डोक्यात बसेना.

"सर, मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

"शुक्रवारपर्यंतच आहे," चंद्रकुमार उदारपणे म्हणाला.

मंगळवारी सकाळी ती निघाली. गाडी चालवायला तेजराम. तेजराम हा पन्नाशीचा गृहस्थ नऊ वर्षं टॉवरवाल्यांची गाडी चालवत होता आणि त्या काळात त्यानं इतके इंजिनिअर इकडून तिकडे नेले होते की कुणाचं ज्ञान खरं आणि कुणाचं भाड्याचं, हे तो गाडीत बसण्याच्या पद्धतीवरून सांगायचा. प्रतिक्षा पुढच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची आणि खड्डा आला तरी पडद्यावरून नजर काढायची नाही. तिला तो मानायचा.

खैरपार मागं पडलं. दोन्ही बाजूंना धान कापून पडलेलं, बांधाबांधावर भाऱ्यांच्या ओळी. बोडीटोल्याच्या वेशीत लॅपटॉपवर रेघ उडाली. चारही फोन एका दमात खैरपार सोडून बोडीटोल्याच्या टॉवरवर आले. सिग्नल भरभरून. हस्तांतर यशस्वी. आणि त्याच क्षणी डाउनलोडची रेघ जमिनीवर आडवी पडली ती पडली.

"काय झालं जी?" तेजरामनं विचारलं.

"सगळं बरोबर झालं."

"मंग तोंड काहून असं?"

ती उतरली, टॉवरखाली उभी राहिली. फोनचा इंटरनेटवरचा पत्ता पाहिला. दहा, चौसष्ट, एकशे अठरा, सत्तावीस. भंडाऱ्यात सकाळी होता तोच. साधा पिंग मारला. म्हणजे एक चिमुकलं पॅकेट पाठवून 'आहेस का?' विचारलं. उत्तर आलं, 'आहे.' दहा वेळा विचारलं, दहा वेळा आहे. वेबसाइट उघडली. चाक.

तिनं चंद्रकुमारला कळवलं. त्याचं उत्तर आलं, 'पिंग जाते ना? हस्तांतर ९९.६ टक्के. सगळं हिरवं आहे. तरी साहेब अडकले म्हणजे रेडिओच.' त्या ९९.६ मध्ये इतकंच मोजलेलं असतं की फोन नव्या टॉवरवर पोचला, असं दोन्ही टॉवरांनी एकमेकांना कळवलं. पोचल्यावर त्याला जेवायला मिळालं की नाही, हा रकाना कुणी ठेवलेलाच नाही.

दुपारी ती गावातल्या एका ओसरीवर पाणी प्यायला थांबली. ओसरी आशा सेविका रत्नमाला यांची. त्या हातात फोन धरून, चपला शोधत, घाईनं निघालेल्या.

"बसा बाई, मी आलीच पाळीवरून."

"पाळीवर कायले?"

"फोटो पोचवाले."

प्रतिक्षानं पेला खाली ठेवला. "कोणता फोटो?"

"लसीकरणाच्या यादीचा. इथून पाठवाले लावला. इथं चाक फिरते. मग तसाच फिरता फिरता घेऊन जावं लागते. पाळीवर गेलं का चाक थांबते अन् जाते फोटो." रत्नमालाबाईंनी हे अशा सुरात सांगितलं जणू कणीक मळली की थोडा वेळ झाकून ठेवावी लागते.

"म्हणजे पाळीवर गेल्यावर पुन्हा पाठवता?"

"नाही ना बाप्पा. पुन्हा कायले? घरून लावलेलाच जाते. पाठवून राहिलो असतो ना आपण. तिथं गेलं का एखाद मिनिट उभं राहाचं. मग होते. पूर्ण गाव असंच करते."

तेजराम म्हणाला, "हे भलतंच आहे. गाय दारातून हाकलायची अन् दूध पाळीवर काढायचं."

पण प्रतिक्षा उठून उभी राहिली होती. तिनं आपल्या फोनवर एक मोठी फाइल डाउनलोडला लावली. चाक फिरू लागलं. "चला ताई," ती रत्नमालाबाईंना म्हणाली, "मीही येते."

पाळ गावामागं, पाचेक मिनिटांवर. उंच, ऐनाची झाडं, खाली तलावात शिंगाडे. वर तीन-चार माणसं आधीच उभी होती, सगळ्यांचे फोन छातीशी, चेहरे गंभीर. कुणीतरी दहावीची गुणपत्रिका पाठवत होतं, कुणी नातवाच्या वाढदिवसाचा फोटो. पाळीच्या मधोमध बोडीटोल्याचा टॉवर झाडांआड गेला आणि समोर मोकळ्या धानाच्या बांध्यांवरून खैरपारचा सिग्नल आला. प्रतिक्षाच्या फोननं टॉवर बदलला. तिनं पत्ता पाहिला. दहा, चौसष्ट, एकशे अठरा, सत्तावीस.

एक मिनिट गेलं. मग चाक थांबलं आणि फाइल अर्ध्यावरून नाही, शून्यावरून नाही, जिथं अडकली होती तिथून धो धो उतरली.

"झालं का नाही?" रत्नमालाबाई म्हणाल्या. त्यांचाही फोटो गेला होता.

"झालं ताई," प्रतिक्षा म्हणाली. तिला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण खोब्रागडे घराण्यात मिठ्या मारायची पद्धत नव्हती. तिनं फक्त फोनचा फोटो काढला.

गाडीत परत येताना तेजरामनं विचारलंच. "मॅडम, मले एक सांगा. टॉवर बदलला, पण पत्ता तोच राहिला. ह्या फोनले पत्ता देते कोण?"

"नागपूरचा गेटवे. फोन सकाळी चालू केला तेव्हा त्यानं पत्ता दिला. आता फोन भंडाऱ्यात असो, पवनीत असो, जगाला वाटतं तो नागपूरलाच बसला आहे. तुमच्या फोनसाठी जे काही येतं ते आधी गेटवेकडे येतं."

"मंग इथं कसं येते?"

"गेटवे ते पाकीट जसंच्या तसं दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालतो. मोठ्या पाकिटावर टॉवरचा पत्ता आणि एक नंबर. टॉवर मोठं पाकीट फाडतो, नंबर पाहून कुणाचं आहे ते ओळखतो आणि आतलं फोनला देतो. फोननं टॉवर बदलला की नवा टॉवर कळवतो, बाबा, हा आता माझ्याकडे आहे. मग गेटवे फक्त वरच्या पाकिटावरचा पत्ता बदलतो. आतलं कुणी उघडत नाही. म्हणून फोनचा पत्ता बदलत नाही आणि चालू असलेलं काम तुटत नाही. ह्यालाच टनेल म्हणतात."

तेजरामनं गियर बदलला. "म्हणजे रत्नमालाबाईचं चाक तुटत नाही. थांबून राहते."

"तेच! काम तुटलंच नाही. पत्ता तोच, सर्व्हर तोच, फोन तोच. एकच गोष्ट बदलली. वरचं पाकीट आधी बोडीटोल्याला येत होतं, नंतर खैरपारला. बोडीटोल्याच्या वाटेवर कुणीतरी गिळतं आहे."

"पण पिंग तर गेली."

"ती लहान होती."

हे वाक्य बोलून झाल्यावर प्रतिक्षानं मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला. मग म्हणाली, "तेजरामभाऊ, गाडी परत टॉवरकडे घ्या."

पुढचा पाऊण तास तिनं टॉवरखाली बसून वेगवेगळ्या आकाराचे पिंग पाठवले. हजार बाइटचा गेला. चौदाशेचा गेला. पंधराशेच्या जवळचा मेला. मग मधला, मग त्याच्या मधला. चौदाशे छत्तीसचा गेला. चौदाशे सदतीसचा गेला नाही. पुन्हा केलं. छत्तीस गेला, सदतीस नाही. वीस वेळा तेच. एका बाइटनं पॅकेट जगत किंवा मरत होतं. पिंगचं स्वतःचं अठ्ठावीस बाइटचं शीर्ष धरलं की सीमा चौदाशे चौसष्टवर येत होती. तिनं वहीत लिहिलं, १५०० वजा १४६४. खाली रेघ मारली. ३६.

"छत्तीसचा आकडा," तेजराम वहीत डोकावून म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. ती हसली नाही. वरच्या पाकिटाचं वजन बरोबर छत्तीस बाइट असतं.

बुधवारी ती भंडाऱ्यात ट्रान्समिशनच्या ऑफिसात गेली. बाबुलाल आले नव्हते. ती संध्याकाळपर्यंत बसली. गुरुवारी सकाळी ते यायच्या आधीच त्यांच्या टेबलासमोर बसली.

बाबुलाल म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या मायक्रोवेव्ह लिंकचे मालक. तसं कागदावर नव्हतं, पण बोलायची पद्धत तशी होती. बोडीटोल्याच्या टॉवरला फायबर नव्हता. त्याच्या माथ्यावरच्या ढोलकीएवढ्या डबड्यातून सगळं खैरपारला हवेतून जायचं आणि तिथून फायबरनं नागपूरला. ऑगस्टमध्ये वीज पडून ते डबडं, म्हणजे लिंकचा रेडिओ, जळालं. बाबुलालनी भर पावसात, रेनकोट घालून, स्टोअरमधला दुसरा बसवून दिला. दोन तासांत टॉवर उभा. ह्याबद्दल त्यांचा सत्कार व्हायचा राहून गेला होता आणि ते त्यांच्या लक्षात होतं.

"बाबुलालभाऊ, तुमची लिंक मोठी पॅकेटं गिळते आहे."

"माझी लिंक?" बाबुलालनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कपाटातून फाइल काढली. "ये देख. मी टाकलेली टेस्ट. पूर्ण पंधराशे. एक पॅकेट ड्रॉप नाही. सही, शिक्का, तारीख."

"पंधराशे जातात. मान्य."

"मग? पूर्ण दुनिया पंधराशेवर चालते, बेटा. इंटरनेटचं पॅकेट पंधराशेच्या वर असतंच कुठं? फोननं जास्त पाठवलंच कसं?"

"फोननं पंधराशेच पाठवले, भाऊ. छत्तीस आपण घातले."

बाबुलालनी फाइल मिटली. "कुठून घातले?"

तिनं वहीचं पान फाडलं. "आतलं पाकीट पंधराशे. टनेलचं शीर्ष आठ. त्यावर यूडीपीचं आठ. त्यावर टॉवरच्या पत्त्याचं वीस. पंधराशे छत्तीस. तुमच्या रेडिओवर मर्यादा पंधराशेची. तो मोठं पाकीट पाहतो आणि काही न बोलता फेकून देतो. नागपूरला कळत नाही, टॉवरला कळत नाही, फोनला कळत नाही. फोन तेच पुन्हा पाठवतो, तो तेच पुन्हा फेकतो."

"जुना रेडिओ काहून नाही फेकत होता?"

"जुन्यावर सोळाशे केलेलं असणार. हा स्टोअरमधून आला, आला तसाच लावला."

हे शेवटचं वाक्य तिनं म्हणायला नको होतं. बाबुलालच्या मानेची शीर वर आली. "आला तसाच लावला? वीज कडाडून राहिली होती वर! तू होतीस का तिथं?"

"नव्हते."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही दोन तासांत गाव उभं केलं, ते जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पण भाऊ, उद्या पाच वाजता ते लॉक करून राहिले."

"त्याला मी काय करू? सेटिंग बदलायला चेंज रिक्वेस्ट लागते. पुण्याची समिती पाहते. सात दिवस."

"एक टेस्ट करू. तुमच्याच हातानं."

"कायले?"

"माझं चूक निघालं तर मी जाते."

ह्या लालचीनं बाबुलाल बसले. खैरपारच्या टोकावरून बोडीटोल्याच्या टोकाला त्यांनी स्वतः पंधराशेचं पॅकेट मारलं. गेलं. "देख," ते म्हणाले. मग तिच्याकडे न पाहता पंधराशे छत्तीसचं मारलं, तुकडे न करता. नाही गेलं. पुन्हा मारलं. नाही गेलं. शंभर मारले. शंभर गेले म्हणजे शंभर मेले.

बाबुलालनी चहा मागवला. दोन मागवले, ही गोष्ट प्रतिक्षानं लक्षात घेतली.

"माझी टेस्ट बरोबर होती," चहा संपल्यावर ते म्हणाले.

"एकदम बरोबर."

"फोनचंही बरोबर आहे."

"हो."

"सालं सगळंच बरोबर आहे अन् चालत काही नाही." त्यांनी फाइल पुढं ओढली, पानं उलटली, आणि एका पानावर बोट ठेवलं. तिथं ऑगस्टमधला रेडिओ बदलायचा कामाचा आदेश होता. खाली 'काम पूर्ण' या रकान्यात काहीच नव्हतं. सही करायची राहून गेली होती.

"हे काम अजून चालू आहे," बाबुलाल म्हणाले. त्यांच्या आवाजात आता ऑगस्टचा पाऊस होता. "कागदावर मी अजून टॉवरवरच आहे. चालू कामात सेटिंग दुरुस्त कराले कोणत्या समितीची परवानगी लागते?"

"कोणत्याच नाही."

"उद्या चार वाजता. आधी तिकडचं टोक, मग इकडचं. सेटिंग बदललं का रेडिओ रिस्टार्ट होतो. तिकडचा नाही उठला तर मी इथून काहीच नाही करू शकत. तू टॉवरखाली लॅपटॉप घेऊन बस."

"बसते."

शुक्रवारी पावणेचारला ती टॉवरखाली बसली. जनरेटर गुरगुरत होता. तेजरामनं केबल रेडिओच्या खालच्या डब्याला लावून दिली आणि गाडीच्या दाराला टेकून विडी पेटवली. रत्नमालाबाई येऊन बाजूला बसल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण गावात कुणी काहीतरी उपसत असलं की त्या असायच्याच.

चार वाजून दोन मिनिटांनी फोनवर बाबुलाल म्हणाले, "सोळाशे केलं. दाबतो."

दाबलं. बोडीटोल्याचा टॉवर गावासाठी मेला. रत्नमालाबाईंच्या फोनवरच्या पट्ट्या गेल्या. टॉवर मेला की फोन फक्त पाळीवर लागणार आणि प्रतिक्षाला लॅपटॉप सोडता येत नव्हता, म्हणून तिनं तेजरामला दुसरा फोन देऊन आधीच पाळीवर पिटाळलं होतं. ठरलं असं की तो तिथून ओरडेल.

एक मिनिट. दोन. रेडिओचा लाल दिवा लालच.

"गेलं का?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"उठतो आहे."

"ऑगस्टमध्येही उठूनच राहिला होता. दोन तास."

तीन मिनिटं. पाळीवरून तेजरामचा आवाज आला, "बाबुलालभाऊ विचारून राहिले, दिसते का कायी?" "नाही!" प्रतिक्षा ओरडली. तिनं लॅपटॉपवरून रेडिओच्या आत शिरायचा प्रयत्न केला. शिरता आलं. रेडिओ जागा होता, पण सोळाशेचं सेटिंग जतन करायचं राहून तो जुन्याच सेटिंगवर उठायच्या बेतात अडकला होता. तिनं सोळाशे पुन्हा लिहिलं. जतन केलं. दुसऱ्यांदा रिस्टार्ट. चार वाजून अकरा मिनिटांनी लाल दिवा हिरवा झाला. पट्ट्या आल्या.

"आला!" ती ओरडली. पाळीवरून तेजराम ओरडला, त्याच्या मागून पाळीवर उभी असलेली चार माणसंही ओरडली, कशाबद्दल ते न विचारता.

खैरपारचं टोक बाबुलालनी एका मिनिटात केलं. प्रतिक्षानं पिंग मारला. चौदाशे सदतीस. गेला. चौदाशे बहात्तर, म्हणजे पूर्ण पंधराशे. गेला. तिनं मोठी फाइल लावली. चाक दिसायच्या आधीच उतरली.

"ताई, एक फोटो पाठवून पहा."

रत्नमालाबाईंनी टॉवरचाच फोटो काढला आणि जिल्ह्याच्या गटावर पाठवला. गेला. त्यांनी फोनकडे संशयानं पाहिलं. "लगेच कसा गेला? पूर्ण गेला ना?"

मग गाडी खैरपारपर्यंत नेऊन परत आणली. फाइल उतरत असतानाच वेशीत टॉवर बदलला. रेघ क्षणभर थरथरली आणि पुढं चालू राहिली. पत्ता तोच. दहा, चौसष्ट, एकशे अठरा, सत्तावीस. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी प्रतिक्षानं चंद्रकुमारला नकाशा पाठवला, हिरवा, आणि खाली लिहिलं, 'लॉक करू नये. दोष टॉवरच्या सिग्नलचा नव्हता. टनेलच्या वाटेवर पॅकेटची मर्यादा छत्तीस बाइटनं कमी होती. दुरुस्त केलं.'

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी उत्तर आलं. 'लॉक रद्द. छान. तक्रार बंद करा. नियमाप्रमाणे ग्राहकाची खात्री घ्या.'

ग्राहक म्हणजे साहेब. प्रतिक्षानं त्यांच्या कार्यालयात फोन लावला. स्वीय सहायक फार सौजन्यानं बोलले. टॅबमधल्या सिमचा नंबर मात्र त्यांनाही पाहून सांगावा लागला, कारण सोमवारपासून तो त्यांना कुणी विचारलाच नव्हता. एरिया मॅनेजरनाही विचारायचं धाडस झालं नव्हतं.

तिनं नंबर सिस्टिममध्ये टाकला. तो नंबर दुसऱ्या कंपनीचा होता.